चौथी पिन कशासाठी?

ट्रॉलीला दिवे जोडायला बसलेला जवळजवळ प्रत्येक शेतकरी ऑटो इलेक्ट्रिशियनला एक प्रश्न विचारतो. ‘ट्रॅक्टरच्या मागच्या सॉकेटला चारच पिना आहेत. टेल लाइट, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर आणि ब्रेक लाइट जोडले की चारही संपतात. मग अर्थिंगची वेगळी वायर कशाला? ट्रॉली लोखंडाची, ट्रॅक्टर लोखंडाचा, दोन्ही हूकने जोडलेले. अर्थ आपोआपच मिळतो ना?’

प्रश्न रास्त आहे, कारण असं जोडलं तरी दिवे लागतात. दुकानाच्या दारात लागतात, दुसऱ्या दिवशीही लागतात. गाडी महिनाभर शेतातून फिरली की ते फसवायला लागतात. असं का होतं, चार पिनांची वाटणी कशी करावी आणि केलेलं काम पक्कं आहे हे कसं ओळखावं, हे या प्रकरणात पाहू.

उदाहरण म्हणून पनवेल तालुक्यातली एक साधी दोनचाकी ट्रॉली घेऊ. इथे भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. झोडणी झाली की पेंढा भरून ट्रॉली नेऱ्याच्या बाजूने पनवेलकडे निघते. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे परतीची खेप हमखास अंधारात होते. ट्रॅक्टर द्रुतगती मार्गावर चालत नाहीत, पण पळस्पे फाट्याजवळच्या जुन्या रस्त्यांवर त्यांना भरधाव ट्रक-बसच्या सोबतीनेच जावं लागतं. पेंढ्याने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरचे मागचे दिवे पूर्ण झाकते. मागून येणाऱ्याला दिसतात ते फक्त ट्रॉलीचे दिवे.

१. दिवे किती, वाटा किती?

आधी मोजदाद करू. ट्रॉलीच्या मागे दोन टेल लाइट आणि दोन इंडिकेटर असे चार दिवे आहेत. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची आहे. टेल लाइटचा बल्ब साधारणपणे ५ वॅटचा असतो आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा.

वॅटला व्होल्टने भागलं की किती अँपिअर प्रवाह वाहतो ते कळतं. ५ वॅटच्या बल्बला ०.४ अँपिअर लागतो, तर २१ वॅटच्या बल्बला १.७५ अँपिअर. म्हणजे एक इंडिकेटर चार टेल लाइटइतका प्रवाह खातो. हा फरक लक्षात ठेवावा, पुढची बरीचशी गोष्ट त्यावर उभी आहे.

दोन्ही टेल लाइट एकदम लागतात आणि एकदम विझतात, म्हणून त्यांना मिळून एक वायर पुरते. डाव्या आणि उजव्या इंडिकेटरला मात्र स्वतंत्र वायर हवी. अशा तीन वायरी झाल्या. उरलेली चौथी पिन कोणाला द्यायची, एवढाच आता प्रश्न आहे.

२. वीज जाते, तशी परतही यावी लागते

बल्ब वीज गिळून टाकत नाही. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह स्विचमधून, वायरमधून आणि बल्बच्या तारेतून जातो, आणि त्याला बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत परतावंच लागतं. ट्रॅक्टरमध्ये ही परतीची वाट म्हणजे ट्रॅक्टरचं लोखंडी अंग. बॅटरीचं ऋण टोक जाड पट्टीने इंजिनाला किंवा चेसिसला जोडलेलं असतं. त्यालाच आपण अर्थ म्हणतो.

भातखाचराकडे पाहिलं की हे चटकन समजतं. खाचरात दोन-तीन बाजूंनी पाणी येतं आणि एका मोरीतून खाली निघून जातं. मोरी मोकळी असेल तोवर सगळं सुरळीत चालतं. ती तुंबली तरी वरून येणारं पाणी थांबत नाही. ते खाचरात साठतं, आणि जिथे बांध कमजोर असेल तिथून शेजारच्या खाचरात घुसतं. ट्रॉलीच्या दिव्यांमध्ये अर्थ म्हणजे ही मोरी. येणाऱ्या वाटा तीन, जाणारी एकच. तिन्ही वाटांनी आलेला सगळा प्रवाह त्या एकीतून परततो. म्हणून चारांपैकी सर्वांत जास्त भार वाहणारी वायर अर्थची असते आणि तीच सर्वांत जाड असायला हवी.

३. हूकवर भरवसा का ठेवू नये?

हूक आणि ट्रॉलीची दांडी यांचा सांधा ओढण्यासाठी बनवलेला असतो, वीज वाहण्यासाठी नव्हे. तो सैल असतो, कारण वळताना दांडीला हलायला जागा लागते. त्यात ग्रीस असतं, चिखल जातो आणि पावसाळ्यात गंज चढतो. पनवेलला जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस झोडपतो आणि खाडीची खारी हवाही जवळच आहे, तेव्हा गंजाला इथे बारमाही काम मिळतं. रिकामी ट्रॉली उधळते तेव्हा हूकमधला खिळा क्षणभर कुठेच नीट टेकत नाही.

अशा सांध्यात किती नुकसान होतं याचा हिशेब करून पाहू. समजा, गंज आणि चिखलामुळे तिथे अर्ध्या ओहमचा अडथळा तयार झाला. ओहम हे अडथळ्याचं माप आहे. एका अँपिअरला एका ओहममधून ढकलायला एक व्होल्ट खर्च होतो. अर्धा ओहम ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतो.

फक्त टेल लाइट लावले, म्हणजे १० वॅटचा भार असला, तर या सांध्यात साधारण ०.४ व्होल्ट गळतात. उजेडात पडलेला फरक डोळ्याला जाणवत नाही. आता एक इंडिकेटर लावला की भार ३१ वॅट होतो आणि गळती सव्वा व्होल्टच्या जवळ जाते. चौथी पिन ब्रेकला दिली असेल तर ब्रेक दाबताच २१ वॅटचे आणखी दोन बल्ब लागतात. भार ७३ वॅट होतो आणि जवळपास अडीच व्होल्ट सांध्यातच संपतात. बल्बपर्यंत साडेनऊच पोचतात.

तारेचा बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो. १२ ऐवजी १० व्होल्ट मिळाले की त्याचा उजेड जवळपास निम्मा होतो. साडेनऊवर तो निम्म्याच्याही खाली जातो. चालक ब्रेक दाबून वळायला लागतो, मागच्याला सर्वांत स्पष्ट इशाऱ्याची गरज असते, आणि त्याच घडीला सगळे दिवे एकदम मंद होतात.

म्हणूनच हा दोष दुकानात सापडत नाही. तिथे टेल लाइट लावून पाहतात, ते झकास लागतात. अर्थ चांगला आहे की नाही हे हलक्या भारावर कळत नाही. सगळे दिवे एकदम लावल्यावरच त्याची परीक्षा होते.

४. मोरी पूर्ण तुंबली तर काय दिसतं?

अर्थ पूर्ण तुटला तर दिवे सरळ विझतील, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते चुकीच्या जागी लागतात, आणि तेच या दोषाचं ओळखीचं लक्षण आहे.

समजा, हेडलाइट बंद आहेत, ट्रॉलीचा अर्थ तुटला आहे आणि चालकाने डावा इंडिकेटर लावला. प्रवाह डाव्या बल्बमधून ट्रॉलीच्या अंगावर आला, पण पुढे परतीची वाट नाही. ट्रॉलीच्या त्याच अंगाला उजव्या इंडिकेटरचा आणि टेल लाइटचे बल्बही टेकलेले आहेत. प्रवाह त्यांच्यातून उलटा शिरतो, त्यांच्या वायरींनी ट्रॅक्टरकडे जातो आणि ट्रॅक्टरच्या स्वतःच्या बल्बमधून ऋण टोक गाठतो. शेजारच्या खाचरात पाणी घुसतं ते असं. लावला डावा, पण उजवाही मिणमिणतो. बंद असलेले टेल लाइट लुकलुकतात.

टेल लाइट चालू असताना दुसरं लक्षण दिसतं. इंडिकेटर पेटला की टेल लाइट मंद होतो आणि विझला की तो पुन्हा उजळतो. हे दोघं एका तालात झुलायला लागले की बल्ब बदलू नये, स्विच खोलू नये. आधी अर्थ पाहावा. एकाच दिव्याचं असं होत असेल तर दोष त्या दिव्याच्या होल्डरच्या अर्थात असतो. सगळ्यांचंच होत असेल तर दोष चौथ्या पिनेत किंवा हूकवर ठेवलेल्या भरवशात असतो.

प्रश्नाचं उत्तर आता सरळ आहे. चौथी पिन अर्थची. तीन पिना टेल, डावा आणि उजवा यांच्या. ब्रेक लाइटचं काय, ते सातव्या भागात पाहू.

५. ट्रॅक्टरची कोणती पिन कशाची?

चार पिनांच्या सॉकेटमध्ये कोणती पिन कशाची याचा सगळीकडे चालणारा एकच क्रम नसतो. आधीच्या मालकाने किंवा एखाद्या गॅरेजवाल्याने आपल्या सोयीने जोडलेलं असू शकतं. वायरींच्या रंगावरही विसंबू नये. प्रत्येक पिन तपासूनच ओळखावी.

त्यासाठी टेस्ट लॅम्प हवा, म्हणजे २१ वॅटचा १२ व्होल्टचा बल्ब आणि त्याच्या होल्डरला जोडलेल्या दोन लांब वायरी. मल्टिमीटर असला तरी पहिली ओळख टेस्ट लॅम्पनेच करावी. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. शेवटच्या एका धाग्यावर टिकलेल्या वायरीवरही तो खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, त्यामुळे कमकुवत जोड लगेच उघडा पडतो.

टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला चिमट्याने पकडावं. चावी चालू करून डावा इंडिकेटर लावावा आणि दुसरं टोक एकेका पिनेला टेकवावं. जिथे बल्ब उघडझाप करेल ती डावी. त्याच पद्धतीने उजवी शोधावी. मग इंडिकेटर बंद करून टेल लाइट लावावेत आणि जिथे बल्ब स्थिर पेटेल ती टेलची पिन. प्रत्येक पिन सापडली की कागदावर सॉकेटचं चित्र काढून त्यावर लिहावी. सॉकेट समोरून पाहताना आणि मागून वायरी जोडताना डावं-उजवं उलट होतं, म्हणून चित्राखाली ‘समोरून’ असं लिहायला विसरू नये.

उरलेली पिन अर्थची असावी, पण ती अर्थच आहे याची खात्री करावी. आधी ब्रेक दाबून पाहावा. बल्ब लागला तर कोणीतरी ती ब्रेकला दिली आहे. नाही लागला तर सगळे दिवे बंद करून टेस्ट लॅम्पचं एक टोक आता बॅटरीच्या धन टोकाला पकडावं आणि दुसरं त्या पिनेला टेकवावं. बल्ब थेट बॅटरीवर लावल्यासारखा लख्ख पेटला पाहिजे.

इथे एक चकवा आहे. इंडिकेटरच्या पिनेला टेकवलं तरी हा बल्ब पेटतो, कारण प्रवाहाला ट्रॅक्टरच्या इंडिकेटरच्या बल्बमधून वाट मिळते. फरक उजेडात असतो. तिथे तो मंद पेटतो, अर्थवर लख्ख. बल्ब ५ वॅटचा असता तर दोन्हीकडे जवळपास सारखाच पेटला असता आणि आपण फसलो असतो. २१ वॅटचा घ्यायचं हे दुसरं कारण.

अर्थच्या पिनेवरही तो मंद पेटला, तर सॉकेटमागची वायर शेवटपर्यंत शोधत जावी. बहुतेक वेळा ती मडगार्डच्या रंगावरच बोल्टने आवळलेली सापडते. रंग वीज वाहत नाही. तिथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा, वायरीला थिंबल दाबून बसवावं, बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावं.

६. ट्रॉलीची वायरिंग

ट्रॅक्टरवर सॉकेट हवं आणि ट्रॉलीच्या केबलला बाहेर आलेल्या पिनांचा प्लग हवा. ट्रॅक्टरकडे वीज असते. तिथल्या पिना उघड्या राहिल्या तर ट्रॉली सोडलेली असताना लोखंडाला टेकून फ्यूज उडेल.

आपल्या ट्रॉलीत प्लगपासून मागच्या दिव्यांपर्यंत दांडी, तळ आणि वळणासाठीची ढील धरून सुमारे ७ मीटर केबल लागते. टेल आणि दोन्ही इंडिकेटरना १ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. अर्थला २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. या मापात इंडिकेटरच्या वायरीत ०.२ व्होल्ट गळतात. चारही बाजूंचे इंडिकेटर एकदम लावले तरी अर्थच्या वायरीत तेवढेच. बल्बला साडेअकराच्या वर व्होल्ट मिळतात आणि तेवढे पुरेसे आहेत. वायर अनेक बारीक धाग्यांची मऊ घ्यावी. घरातल्या वायरिंगची एकाच जाड तारेची वायर ट्रॉलीच्या हादऱ्यांनी तुटते.

चारही वायरी लवचीक पाइपमधून चेसिसच्या आतल्या बाजूने न्याव्यात. चाकाच्या मागे आणि तळाच्या खाली मोकळ्या सोडू नयेत, दगड आणि धसकटं त्या ओरबाडतात. टिपिंग ट्रॉली असेल तर तळ उचलला जातो, म्हणून वायरी तळाला न बांधता खालच्या चेसिसला बांधाव्यात आणि दिवेही त्यावरच बसवावेत. लोखंडात भोक पाडून वायर न्यायची असेल तर भोकात रबरी ग्रोमेट बसवावं, नाहीतर कडेने इन्सुलेशन कापलं जातं.

मागे टेलची वायर दोन फाट्यांत विभागून दोन्ही दिव्यांना द्यावी. चारही होल्डरची अर्थ वायर स्वतंत्र काढून एका ठिकाणी जाड अर्थ वायरीला जोडावी. काही दिव्यांना एकच वायर असते आणि अर्थ त्यांच्या बोल्टमधून मिळेल असं गृहीत धरलेलं असतं. अशा दिव्याच्या बोल्टखाली थिंबल घालून अर्थ वायर द्यावी. जोड दाबून किंवा झाळून करावेत आणि त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर पहिल्या पावसात टिकते, दुसऱ्यात हिरवी पडते. तो हिरवा थर म्हणजे तांब्याचा गंज आणि तो स्वतःच अडथळा बनतो. चाचणीसाठी वायरीला सुई टोचू नये, त्या भोकातूनही पाणी शिरतं.

हूकजवळ केबलला इतकी ढील द्यावी की ट्रॅक्टर पूर्ण वळला तरी ती ताणू नये आणि सरळ चालताना जमिनीला लागू नये. ओढ बसलीच तर ती केबलच्या क्लॅम्पवर बसावी, प्लगच्या आतल्या स्क्रूवर नको. प्लगचं तोंड खाली राहील असं बघावं, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी आत न जाता टपकून जाईल. पिनांना पेट्रोलियम जेलीचा हलका थर द्यावा.

एक फ्यूज विसरू नये. ट्रॉलीकडे जाणाऱ्या टेलच्या वायरीला ट्रॅक्टरच्या बाजूला ५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज द्यावा. ट्रॉलीची वायर कुठे चेपून शॉर्ट झाली तर एवढाच फ्यूज उडेल आणि ट्रॅक्टरचे दिवे चालू राहतील. तो नसेल तर दोन्ही वाहनं एकाच क्षणी अंधारात जातात.

७. फ्लॅशर आणि ब्रेक लाइट

इंडिकेटरची उघडझाप फ्लॅशर करतो. एका बाजूला ट्रॅक्टरचे पुढचा आणि मागचा असे २१ वॅटचे दोन बल्ब असतात. ट्रॉली जोडली की तिसरा येतो आणि भार ४२ वरून ६३ वॅट होतो. जुना, तापून उघडझाप करणारा फ्लॅशर वाढलेल्या भाराने जास्त तापतो आणि भराभर चालतो. म्हणून फ्लॅशरवर काय छापलंय ते पाहावं. ‘२+१’ आणि ‘२१ वॅट’ असं असेल तर तो ट्रॉलीचा तिसरा बल्ब धरून बनवलेला आहे. इंडिकेटर मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या गाडीला एकामागे एक दोन ट्रॉल्या असतात. तिथे चौथा बल्ब येतो, भार ८४ वॅटवर जातो आणि त्या क्षमतेचा फ्लॅशर घ्यावा लागतो.

ट्रॉलीला एलईडी इंडिकेटर लावले तर भार फारसा वाढत नाही आणि बहुधा जुना फ्लॅशरही चालून जातो. मात्र एलईडी बंद पडला तरी फ्लॅशरचा ताल बदलत नाही, म्हणून चालकाला पुढे बसून काहीच कळत नाही. अशा वेळी खेप सुरू करण्याआधी मागे जाऊन दिवे पाहण्याला पर्याय नाही.

आता ब्रेक लाइट. चार पिनांत टेल, डावा, उजवा आणि अर्थ एवढंच बसतं. ब्रेकला पाचवी वायर लागतेच. अमेरिकेतल्या चार पिनांच्या ट्रॉल्यांमध्ये एकच लाल दिवा ब्रेकचं आणि इंडिकेटरचं, दोन्ही कामं करतो. आपल्याकडे इंडिकेटर पिवळा आणि ब्रेक लाल असतो, म्हणून ती युक्ती इथे लागू पडत नाही. ट्रॉली शेताबाहेर, वाहत्या रस्त्यावर नेहमी जात असेल तर चार पिनांचं सॉकेट काढून सात पिनांचं बसवणं हाच खरा उपाय आहे. त्याचा क्रम आंतरराष्ट्रीय प्रमाणाने ठरलेला आहे. पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, पांढरी अर्थची, तपकिरी आणि काळी उजव्या-डाव्या टेलची, लाल ब्रेकची. टेल आणि ब्रेकसाठी मग २१/५ वॅटचा दोन तारांचा एकच बल्ब चालतो. त्याच्या कडेचे दोन खिळे कमी-जास्त उंचीवर असतात, म्हणजे तो उलटा बसत नाही. जबरदस्तीने उलटा बसवला तर टेलच्या जागी २१ वॅटची तार पेटते आणि ब्रेकचा इशारा फिका पडतो.

सात पिना बसेपर्यंत चार पिनांवर चालवायचं असेल तर ब्रेकसाठी अर्थची पिन तोडू नये. तसं केलं तर तिसऱ्या भागातल्या हिशेबाप्रमाणे ब्रेकसकट सगळेच दिवे मंद होतात. मागे दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टर लावावेत. त्यांना वीज लागत नाही आणि वायर तुटली तरी ते काम करतात. पेंढा दिव्यांवर किंवा रिफ्लेक्टरवर लोंबू देऊ नये. तो उजेड झाकतो, आणि तापलेल्या बल्बजवळ वाळका पेंढा असणं धोक्याचंही आहे.

८. काम पक्कं झालं हे कसं ओळखावं?

ट्रॉली हूकला जोडावी, प्लग बसवावा आणि एकाने मागे उभं राहावं. आधी एकेक दिवा लावून पाहावा. जो लावला तोच लागायला हवा, दुसरा कुठलाही मिणमिणता कामा नये. मग टेल लाइट आणि चारही बाजूंचे इंडिकेटर एकदम लावावेत. चारही बाजूंचे एकदम लावायची सोय नसेल तर टेल आणि एका बाजूचा इंडिकेटर लावावा. इंडिकेटरच्या तालावर टेल लाइट हलायला नको.

मल्टिमीटर असेल तर आता तो कामी येतो. त्याचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं ट्रॉलीच्या मागच्या दिव्याच्या होल्डरच्या धातूला लावावं. सगळे दिवे चालू असताना इंडिकेटर पेटलेल्या क्षणी दिसणारा आकडा म्हणजे परतीच्या वाटेवर गळणारे व्होल्ट. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. एक किंवा त्याहून जास्त आला तर सॉकेटची वायर, प्लगची अर्थ पिन आणि मागचा अर्थचा जोड अशा क्रमाने मीटरचं टोक पुढे सरकवत जावं. ज्या जोडापाशी आकडा एकदम उडी मारेल, दोष तिथेच असतो.

शेवटची कसोटी सर्वांत सोपी आहे आणि तिला कुठलंच साधन लागत नाही. ट्रॉलीच्या दांडीला टेकू देऊन, चाकांना दगड लावून हूकमधला खिळा काढावा, ट्रॅक्टर वीतभर पुढे घ्यावा आणि प्लग मात्र तसाच ठेवावा. टिपिंग ट्रॉली असेल तर हायड्रॉलिक पाइपही सोडावा. त्याच्या आतली पोलादी जाळी वीज वाहते आणि अर्थचा दोष झाकते. आता सगळे दिवे पुन्हा लावावेत. उजेडात काहीच फरक पडला नाही, तर चौथी पिन आपलं काम करते आहे. दिवे मंद झाले किंवा भलतेच लागले, तर इतके दिवस अर्थ हूकमधूनच मिळत होता. मग ट्रॉली भरण्याआधी अर्थची वायर पुन्हा तपासावी.